पट्टा जाड, डेक पातळ: युद्धनौकेच्या चिलखताचं गणित

प्रश्न: जुन्या युद्धनौकांच्या बाजूंना ३०० मिमीहून जाड चिलखत आणि डेकवर जेमतेम १५० मिमी, असं का? दोन्हीकडे एकाच प्रकारचं पोलाद का नाही वापरलं? आणि गोळे सुधारत गेले तसं चिलखत मागे पडत गेलं का?

उत्तर:

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे: गोळा कोणत्या कोनात येऊन आदळतो. जाडी, पोलादाचा प्रकार आणि गोळ्याची रचना या तिन्ही गोष्टी त्या कोनावर ठरतात. पण आधी शेवटच्या प्रश्नाचा थोडा इतिहास सांगतो, कारण बाजूच्या पट्ट्याचं पोलाद असं का घडलं ते त्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीला चिलखत म्हणजे घडीव लोखंड. ब्रिटनच्या १८६०-६१ च्या ‘वॉरियर’वर ११४ मिमी लोखंडी पत्रे होते आणि त्यांच्या मागे ४५७ मिमी जाड सागवान. सागवान शोभेसाठी नव्हतं. पत्र्यावर बसलेला धक्का ते पसरवून घेई, बोल्ट तुटू देत नसे आणि तुकडे अडवत असे. तोफा वाढल्या तसं लोखंड जाड होत गेलं, आणि १८७६ साली पाण्यात उतरलेल्या ‘इन्फ्लेक्सिबल’वर ते ६१० मिमीपर्यंत पोचलं, तेही दोन थरांत आणि मधे सागवान घालून. त्यापुढे जाडी वाढवणं अशक्य होतं. एवढं लोखंड जहाजाच्या मधल्या छोट्या भागातच बसलं, पुढचा-मागचा भाग उघडाच राहिला.

यातून सुटका धातुशास्त्राने केली. आधी लोखंडावर पोलादाचा थर चढवून ‘कंपाउंड’ पत्रे आले, पण दोन थर सांध्यावर सुटायचे. मग निकेलमिश्रित पोलाद आलं. १८९०च्या सुमारास अमेरिकेत हार्वेची पद्धत आली: पत्र्याचा एकच चेहरा कोळशाच्या संपर्कात दोन-तीन आठवडे तापवत ठेवायचा, म्हणजे त्या बाजूने कार्बन आत मुरतो, आणि मग पाण्याने विझवून तो चेहरा कठीण करायचा. काही वर्षांतच जर्मनीच्या क्रुपने निकेलबरोबर क्रोमियम घालून हेच काम जास्त खोलवर केलं. कार्बन मुरवल्यावर पत्र्याची मागची बाजू ओल्या मातीत-वाळूत दाबून थंड ठेवायची, पुढचा चेहरा भट्टीत लालभडक करायचा आणि पाण्याचे फवारे मारायचे. पुढचा तापलेला भाग काचेसारखा कठीण होतो, मागचा भाग तसा तापलेलाच नसल्याने चिवट राहतो, आणि मधे कठीणपणा हळूहळू उतरत जातो. सांधा नाही, त्यामुळे सुटण्याचा प्रश्न नाही.

फरक किती पडला? त्या काळचा प्रचलित हिशेब असा: ३८१ मिमी घडीव लोखंड म्हणजे ३०५ मिमी कंपाउंड, म्हणजे सुमारे १९७ मिमी हार्वे, म्हणजे सुमारे १४६ मिमी क्रुप. तीस-पस्तीस वर्षांत तेवढ्याच संरक्षणाला निम्म्याहून कमी वजन पुरू लागलं. १९०० नंतरची प्रत्येक मोठी युद्धनौका या बचतीवर उभी आहे.

क्रुपचा कठीण चेहरा जिंकायचा तो एकाच कारणाने. पोलादी गोळ्याचं टोक त्यावर आदळलं की पहिल्या क्षणालाच त्या टोकावर इतका ताण येतो की टोक फुटतं, आणि फुटलेला गोळा म्हणजे नुसता तुकड्यांचा मारा. यावर तोड निघाली ती टोपीची. रशियाचे अॅडमिरल मकारोव्ह यांनी १८९४च्या सुमारास गोळ्याच्या टोकावर मऊ धातूची टोपी बसवून पाहिली, आणि जो गोळा चेहऱ्यावर फुटत होता तो आरपार गेला. सुरुवातीला लोकांना वाटलं की टोपी वंगणासारखी काम करते. खरं काम वेगळं आहे. टोपी आधी आदळते, चेहऱ्याचा कठीण थर तडकवते, आणि त्याच वेळी गोळ्याच्या टोकाला चहूबाजूंनी आवळून धरते. आवळलेलं टोक लगेच फुटत नाही. पुढे टोप्याही कठीण केल्या गेल्या आणि त्यांच्यावर हवेचा रोध कमी करायला पातळ पत्र्याचं टोकदार आवरण आलं.

या टोपीची एक मर्यादा होती आणि ती फार महागात पडली. जुन्या मऊ टोप्या समोरासमोरच्या धडकेत चांगल्या, पण लंबापासून १५-२० अंशांपलीकडे तिरपं आदळलं की टोपी टोकावरून सरकते आणि गोळा पुन्हा उघडा पडतो. ब्रिटिश नौदलाचे अधिकारी जेलिको यांनी १९१० साली तिरप्या धडकेतही शाबूत आत जाऊन फुटेल असा गोळा मागितला होता. ते पदावरून बदलले आणि काम मागे पडलं. ३१ मे १९१६ला जर्मनांशी झालेल्या जटलंडच्या आरमारी लढाईत त्याचं फळ मिळालं. ब्रिटिशांचे कवचभेदी गोळे जर्मन पट्ट्यांवर तिरपे आदळून फुटले, किंवा आतलं स्फोटक धक्क्यानेच उडून गेलं. आत भरलेलं लिडाइट म्हणजे पिक्रिक आम्ल, आणि जाड पत्र्यातून जातानाचा धक्का त्याला सोसवत नसे. स्फोटाची वेळ साधणाऱ्या फ्यूजने ठरवायच्या आधीच गोळा पत्र्याच्या जाडीत फुटायचा, बाहेर प्रचंड ज्वाळा दिसायच्या, नेमबाजांना वाटायचं काम झालं, आणि आतली यंत्रं शाबूत असायची. १९१८ साली आलेल्या नव्या गोळ्यांत कठीण टोपी, धक्का सोसणारं स्फोटक आणि उशिरा पेटणारा फ्यूज असे तिन्ही बदल एकदम केले, कारण यातला एकच करून उपयोग नव्हता.

जटलंडला ब्रिटिशांच्या तीन बॅटलक्रूझर उडाल्या त्याचं खापर बहुतेक लेखांत पातळ डेकवर फोडतात. मला ते पटत नाही. त्या नौकांवर जलद मारा करण्यासाठी कॉर्डाइट या तोफेच्या दारूच्या थैल्या उघड्या ठेवल्या होत्या आणि दारूकोठारापर्यंतची दारं बंद नव्हती. तोफघुमटात लागलेली आग खाली जायला डेक फुटायची गरजच नव्हती.

आता मुख्य मुद्दा, कोन. आकड्यांशिवाय हे नीट कळत नाही, म्हणून एक खरी तोफ घेऊ. अमेरिकेच्या ‘आयोवा’ वर्गाची ४०६ मिमीची तोफ १,२२५ किलोचा कवचभेदी गोळा सेकंदाला ७६२ मीटर वेगाने सोडते. सुमारे १८.३ किमीवर तो गोळा पोचतो तेव्हा वेग सेकंदाला ५३० मीटरवर आलेला असतो, आणि तो क्षितिजाशी १५ अंशांचा कोन करून खाली येत असतो. २७.४ किमीवर वेग ४७८ मीटर आणि कोन २८.२५ अंश. ३६.६ किमीवर कोन ४५ अंशांवर जातो आणि वेग उलट थोडा वाढून ४९० होतो, कारण गोळा फार उंचावरून खाली येतो.

पत्र्याला लंब दिशेने किती वेग मिळतो ते बघा. १८.३ किमीवर उभ्या पट्ट्याला लंब वेग ५३० × cos १५ म्हणजे सुमारे ५१० मीटर. आडव्या डेकला ५३० × sin १५ म्हणजे फक्त १३७. तोच गोळा, तोच क्षण, पण डेकच्या दृष्टीने तो पाव वेगाने येतोय. २७.४ किमीवर पट्ट्याला ४२१ आणि डेकला २२६. ३६.६ किमीवर दोन्हीकडे जवळपास सारखाच, ३५० च्या आसपास. अमेरिकी नौदलाच्या सूत्राने काढलेली भेदनक्षमता हेच सांगते: १८.३ किमीवर हा गोळा उभ्या पट्ट्यात ५०९ मिमी घुसतो आणि डेकमध्ये ९९ मिमी, २७.४ किमीवर पट्ट्यात ३८०, डेकमध्ये १६९. अंतर वाढतं तसा पट्ट्याचा धोका उतरतो आणि डेकचा चढतो. नौका रचणाऱ्याचं सगळं काम या दोन रेषांच्या मधे बसायचं.

जाडीतल्या फरकाचं पहिलं कारण इथेच मिळालं. दुसरं कारण वजनाचं आहे, आणि मला ते जास्त निर्णायक वाटतं. समजा यंत्रं आणि दारूकोठारं मिळून जहाजाचा १४० मीटर लांब, ३० मीटर रुंद भाग झाकायचा आहे आणि पट्टा ५ मीटर उंच आहे. डेकचं क्षेत्र ४,२०० चौ. मी., दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचं मिळून १,४०० चौ. मी. पोलादाचा १ मिमी थर चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. म्हणजे पट्टा १ मिमीने जाड करायला ११ टन लागतात आणि डेक १ मिमीने जाड करायला ३३ टन. ३०० मिमी पट्टा ३,३०० टनांत होतो. अर्ध्या जाडीचा १५० मिमी डेक ४,९५० टन खातो. डेकही ३०० मिमीचा करायचा म्हटलं तर जवळपास १०,००० टन, आणि १९२२च्या वॉशिंग्टन कराराने अख्ख्या युद्धनौकेला ३५,००० टनांची मर्यादा घातली होती. शिवाय डेकचं वजन उंचावर असतं. ते वाढलं की नौकेची स्थिरता घटते, ती टिकवायला रुंदी वाढवावी लागते, रुंदी वाढली की झाकायचा डेक आणखी मोठा होतो. अमेरिकनांना तर पनामा कालव्याच्या ३३.५ मीटर रुंद दरवाजांतून जायचं असल्याने रुंदी वाढवायलाही जागा नव्हती.

यावर अमेरिकेने १९१२ साली बांधायला घेतलेल्या ‘नेवाडा’पासून कडक नियम केला: जे वाचवायलाच हवं त्याला पूर्ण जाडी, बाकीच्याला काहीच नाही. मधली जाडी निरुपयोगी. १०० मिमी पत्रा मोठ्या गोळ्याला अडवत तर नाहीच, वर त्याचा फ्यूज पेटवून देतो. तिथे पत्राच नसेल तर गोळा पलीकडून न फुटता निघूनही जाऊ शकतो. ‘नेवाडा’चा पट्टा ३४३ मिमी होता आणि मुख्य डेक ७६. आजच्या नजरेला तो डेक हास्यास्पद वाटेल, पण त्या वेळी लढाई जेवढ्या अंतरावर होईल असं धरलं होतं, तिथे गोळे फार सपाट येत.

मग पोलाद वेगळं का? पट्ट्यावर गोळा बहुतेक समोरून येतो. तिथे गोळा फोडायचा किंवा निदान त्याची टोपी निकामी करायची, म्हणून कठीण चेहऱ्याचा पत्रा. अमेरिकी नौदल त्याला क्लास ए म्हणे. डेकवर गोळा लंबापासून ६०-७५ अंशांवर येतो. तिथे गोळा फोडायची गरज नाही, त्याची दिशा बदलली की पुरे. तळ्यावर चपटा दगड तिरका भिरकावला की तो टप्पे खात जातो, कारण पाणी दबतं पण दगडाला वर ढकलत राहतं. डेकच्या पत्र्याने नेमकं हेच करायचं असतं. तो वाकला पाहिजे, त्यात लांबट खोलगट घळ पडली पाहिजे, आणि त्या घळीवरून गोळ्याचं टोक वर उचललं गेलं पाहिजे. त्यासाठी सगळ्या जाडीत सारखं, चिवट, ताणलं जाणारं पोलाद लागतं. अमेरिकनांचा क्लास बी आणि पातळ जाडीत एसटीएस, ब्रिटिशांचं नॉन-सिमेंटेड, ही सगळी त्या जातीची.

कठीण चेहऱ्याचा पत्रा डेकवर घातला तर काय बिघडतं? तो वाकत नाही. तिरपा गोळा चेहऱ्यावर घासत जाताना कठीण थराचे चकलेच उडतात, चीर पत्र्याच्या कडेपर्यंत धावते, आणि ज्या खोबणीने गोळा वळायचा ती तयारच होत नाही. बॉम्बसारखी वरून सरळ धडक बसली तर पत्र्याचा एक गोल गठ्ठा कापला जाऊन खाली सुटतो, म्हणजे गोळा अडला तरी शंभर-दोनशे किलोचं पोलाद यंत्रघरात कोसळतं. उलट पट्ट्यावर नुसतं चिवट पोलाद लावलं तर टोपी असलेला गोळा शाबूत आत जातो आणि आत गेल्यावर फुटतो. पट्ट्याच्या बाबतीत गोळा आत येणं वाईटच, पण शाबूत आत येणं त्याहून वाईट.

चाचणीच्या पत्र्यावर हा फरक डोळ्यांनी ओळखता येतो. कठीण चेहऱ्याचा पत्रा फुटला की पुढे भोकाभोवती बशीसारखा तुकडा उडालेला असतो आणि मागचं भोक गोळ्यापेक्षा बरंच मोठं, कडा कापल्यासारख्या सरळ, कारण तिथून गठ्ठा बाहेर पडलेला असतो. चिवट पत्र्यात भोक गोळ्याएवढंच असतं, मागे पाकळ्या उमललेल्या असतात, आणि आजूबाजूचा पत्रा मोठ्या परिघात दबलेला असतो. चिवट म्हणून घेतलेल्या पत्र्यातही मागे पाकळ्यांऐवजी कापलेल्या कडा दिसल्या तर समजावं की उष्णतोपचारात गडबड आहे किंवा पत्र्यात आतून थर सुटलेले आहेत.

डेकबद्दल आणखी एक गोष्ट नेहमी चुकते. ५० मिमीचे दोन डेक म्हणजे १०० मिमीचा एक डेक नव्हे. पत्र्याचा विरोध जाडीबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही, आणि वेगवेगळे पत्रे एकमेकांना आधार देत नाहीत. ब्रिटनच्या ‘हूड’वर डेकचं संरक्षण असंच तीन-चार मजल्यांत वाटलेलं होतं; कागदावर बेरीज बरी दिसते, प्रत्यक्षात तिचा अर्थ कमी. तरीही २४ मे १९४१ला ‘हूड’ उडाली ती ‘बिस्मार्क’चा गोळा उंचावरून डेकवर कोसळल्याने, ही गोष्ट भूमितीला पटत नाही. अंतर सुमारे १५-१६ किमी होतं आणि ‘बिस्मार्क’ची ३८० मिमी तोफ फार वेगवान, त्यामुळे गोळा १५ अंशांच्या आतच येत होता. ३०५ मिमी मुख्य पट्ट्याच्या वर १७८ मिमीचा पट्टा होता. त्यातून शिरून मग पातळ डेक भेदणारा मार्ग जास्त संभवतो. तो डेकचा दोष म्हणा की वरच्या पट्ट्याचा, पण कोसळणारा मारा नव्हे.

पण ही बेरीज होत नाही म्हणून अनेक डेक निरुपयोगी ठरत नाहीत. प्रत्येकाचं काम वेगळं ठरवलं तर ते कामाचे. ‘आयोवा’ घ्या. सगळ्यात वर ३८ मिमीचा डेक आहे. तो गोळा अडवायला नाही, फ्यूज चालू करायला आहे. या गोळ्यांचा फ्यूज सरळ धडकेत साधारण तेवढ्याच जाडीच्या पत्र्याने जागा होतो आणि ०.०३३ सेकंदांनी स्फोट करतो. तेवढ्या वेळात ४०० मीटर वेगाचा गोळा १३ मीटर जातो. वरच्या डेकमध्ये फ्यूज पेटला आणि मुख्य डेकवर गोळा रखडला, तर स्फोट दोन डेकच्या मधे होतो. मुख्य डेक १५२ मिमीचा, म्हणजे क्लास बीच्या १२१ मिमी पत्र्याखाली ३२ मिमी एसटीएस घट्ट जोडलेला. त्याच्या खाली १६ मिमीचा आणखी एक पातळ डेक, मुख्य डेकच्या खालच्या अंगाने उडणारे तुकडे झेलायला. तो नसेल तर गोळा बाहेर राहूनही बॉयलरच्या नळ्या फुटतात.

पट्ट्याकडेही तितकीच युक्ती आहे. ‘आयोवा’चा पट्टा ३०७ मिमी, त्याआधीच्या ‘साउथ डकोटा’ वर्गाचा ३१०, आणि दोन्ही १९ अंशांनी कललेले, वरची कड बाहेर. वरून १५ अंशांनी येणारा गोळा आता पत्र्याच्या लंबापासून १५ नव्हे, ३४ अंशांवर भेटतो, आणि लंब वेग ५१० वरून ४४० वर येतो. ‘साउथ डकोटा’चा हा पट्टा सुमारे १७.४ किमीवर ४४० मिमी उभ्या पट्ट्याच्या तोडीचा मानला जाई. नुसत्या भूमितीने हिशेब केला तर ३६५च्या आसपास यायला हवं. उरलेला फायदा गोळा वळण्याचा आणि टोपी तिरपी बसण्याचा. किंमतही मोजावी लागते: एवढा कल द्यायचा तर पट्टा जहाजाच्या कातडीच्या आत बसवावा लागतो, म्हणजे छोट्या माऱ्यानेही बाहेरची कातडी फाटून पाणी शिरतं, आणि पट्ट्याची दुरुस्ती करायला आधी कातडी कापावी लागते.

इटालियनांनी वेगळा रस्ता धरला. ‘लित्तोरिओ’ वर्गात बाहेर ७० मिमीचा पत्रा, मग २५० मिमी पोकळी, मग २८० मिमीचा मुख्य पट्टा. बाहेरच्या पत्र्याने टोपी काढून टाकायची आणि मागच्या कठीण चेहऱ्याने उघडं टोक फोडायचं. चिलखताची आणि गोळ्याची चढाओढ इथे पुन्हा टोपीवरच येऊन थांबलेली दिसते.

आता दोन्ही रेषा एकत्र मांडू. ज्या अंतराच्या आत पट्टा फुटतो ते जवळचं टोक, आणि ज्याच्या पलीकडे डेक फुटतो ते लांबचं टोक. मधल्या टप्प्यात नौकेचं काळीज त्या विशिष्ट गोळ्यापासून सुरक्षित. ‘आयोवा’साठी, तोंडाच्या व्यासाच्या ४५ पट लांब नळी असलेल्या ४०६ मिमी तोफेच्या १,०१६ किलो गोळ्याविरुद्ध हा टप्पा सुमारे १६.१ ते २८.५ किमी धरला होता. १२ किमीहून जास्त रुंदी, चांगलीच. पण त्याच तोफेला १,२२५ किलोचा जड गोळा दिला की टप्पा १८.७ ते २४.४ किमीवर येतो. वजन वीस टक्क्यांनी वाढलं आणि सुरक्षित पट्टी निम्म्याहून कमी झाली.

यातलं लांबचं टोक जास्त आक्रसलं हे लक्षात घ्या. जड गोळा तोंडातून हळू निघतो, म्हणून त्याच अंतरावर पोचायला त्याला जास्त उंच फेकावं लागतं आणि तो जास्त उभा येतो. अमेरिकनांनी जड गोळा निवडला तो याच कारणाने: शत्रूच्या पट्ट्याशी झगडण्यापेक्षा डेकवर जा. ‘बिस्मार्क’ने उलट टोक धरलं होतं. हलका वेगवान गोळा, ३२० मिमी पट्टा, आणि त्याच्या मागे पट्ट्याच्या खालच्या कडेकडे उतरणारा ११०-१२० मिमीचा तिरका डेक. जवळच्या अंतरावर पट्टा भेदून आलेला गोळा त्या उतारावरून वर वळतो, त्यामुळे यंत्रांपर्यंत पोचणं फार अवघड. पण हा डेक जहाजात खाली असतो, त्याच्या वरचं सगळं, तारा, नियंत्रणकक्ष, माणसं, पातळ पत्र्यांमागे राहतं. २७ मे १९४१ला ‘बिस्मार्क’च्या तोफा गप्प झाल्या तेव्हा ती तरंगतच होती.

जड गोळ्याची परीक्षा ८ नोव्हेंबर १९४२ला कासाब्लांकाला झाली. ‘साउथ डकोटा’ वर्गातल्या ‘मॅसॅच्युसेट्स’ने सुमारे २२ किमीवरून बंदरात उभ्या असलेल्या, बांधणी अपुरी राहिलेल्या फ्रेंच ‘जाँ बार’वर मारा केला. फ्रेंच नौकेचा मुख्य डेक १५० मिमी आणि खालचा ४० मिमी, म्हणजे त्या काळातला उत्तम. तरी एक गोळा दोन्ही डेक पार करून मागच्या १५२ मिमी तोफांच्या दारूकोठारात फुटला. ते घुमटच अजून बसवलेले नव्हते, म्हणून कोठार रिकामं होतं. भरलेलं असतं तर ‘जाँ बार’ तिथेच संपली असती.

तरीही तोफांच्या लढाईत २५ किमीपलीकडून नेम लागणं दुर्मिळच, कारण गोळा पाऊण मिनिट ते मिनिटभर हवेत असतो आणि तेवढ्यात लक्ष्य वळतं. डेकचा खरा शत्रू विमान निघाला. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरला अमेरिकेची ‘अॅरिझोना’ बुडवणारा जपानी बॉम्ब हा मुळात ४१ सेंमी तोफेचा कवचभेदी गोळाच होता. बाहेरून तासून ८०० किलोच्या आसपास आणलेला आणि शेपटीचे पंख बसवलेला. तो सुमारे ३,००० मीटरवरून टाकत. तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूला हवेचा रोध धरला नाही तर सेकंदाला २४३ मीटर वेग येतो, आणि तो वेग सगळा डेकला लंब. वर काढलेला आकडा आठवा: १,२२५ किलोच्या गोळ्याला डेकला लंब २२६ मीटर मिळवायला २७.४ किमीवरून यावं लागतं. विमानाला त्यासाठी ना १०० टनांची तोफ लागते, ना २७ किमीवरून नेम धरणारी यंत्रणा.

९ सप्टेंबर १९४३ला जर्मनांच्या सुमारे १,४०० किलोच्या, रेडिओने वळवता येणाऱ्या ‘फ्रिट्झ एक्स’ बॉम्बने इटलीची ‘रोमा’ बुडाली. १२ नोव्हेंबर १९४४ला जर्मन ‘तिरपित्झ’वर ब्रिटिशांचे पाच टनांहून जड ‘टॉलबॉय’ बॉम्ब पडले. तोवर पट्ट्याचं पोलाद वाईट झालं होतं असं नाही. जपानी ‘शिनानो’साठी बनवलेला ६६० मिमी जाड तोफघुमटाचा पत्रा युद्धानंतर अमेरिकनांनी डालग्रेनच्या आपल्या चाचणी मैदानावर आणून त्यावर ४०६ मिमीचा गोळा अगदी लंब दिशेने मारला, आणि तो आरपार गेला. पण समुद्रात कुठल्याही लढाऊ अंतरावर गोळा असा लंब येतच नाही, म्हणून त्या भोकाकडे बघून पत्रा निकामी ठरवणं चूक आहे. डेकची अडचण वेगळी होती: ‘टॉलबॉय’सारख्या बॉम्बपुढे १५० मिमीचे २०० करून भागत नव्हतं, आणि त्या ५० मिमीलाच वरच्या हिशेबाने १,६५० टन लागत होते, तेही जहाजाच्या सगळ्यात गैरसोयीच्या उंचीवर.